आधी शेवट की आधी सुरुवात? दहावीच्या कथालेखनाच्या दोन रीती

दहावीच्या मराठी कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनात कथा येते. जाहिरात, बातमी आणि कथा यांतल्या कोणत्याही दोन सोडवायच्या असतात. कथेला ५ गुण, शब्द ८० ते ९०. कधी मुद्दे देतात, कधी नुसती पहिली ओळ. मुद्द्यांच्या कथेत वाट आखलेली असते, तिथे फारसा प्रश्न येत नाही. पेच पडतो तो नुसती ओळ आली की. ती ओळ उतरवायची आणि सुचेल तसं पुढे जायचं, की आधी शेवट ठरवून मग पेन टेकवायचं?

मी घरी दहावीच्या मुलांची शिकवणी घेतो. सुरुवातीची काही वर्षं ‘सुचेल तसं लिहा’ हेच सांगत होतो. ते चुकीचं होतं असं आजही म्हणणार नाही. त्या रीतीने लिहिणाऱ्या मुलांची पहिली चार वाक्यं बहुतेक वेळा छान उतरतात. भाषा मोकळी असते, हात अडत नाही, आणि शेजारचा भराभर लिहितोय हे बघून पोटात गोळाही येत नाही.

मला छळलं ते शेवटच्या दोन ओळींनी. वही तपासायला घेतली की वरच्या नऊ-दहा ओळी ऐसपैस, आणि खाली अक्षर बारीक होत होत समासाला टेकलेलं. आणि त्या बारीक अक्षरात काय, तर ‘तेवढ्यात आईने हाक मारली आणि मला जाग आली.’ एका रविवारी ओळीने चार वह्यांमध्ये चार जण झोपेतून उठले! चौघांचीही कथा चांगली चालली होती. शब्द संपले होते आणि गाठ सुटली नव्हती, म्हणून सगळ्यांना अंथरुणावर आणून सोडलं. त्या दिवसापासून माझं मन दुसऱ्या रीतीकडे झुकलं, हे आधीच सांगून टाकतो.

एक उदाहरण घेऊ. ही ओळ मी वर्गात दिली होती: ‘एस.टी. सुटली आणि माझ्या लक्षात आले, की शेजारच्या सीटवर कोणीतरी पिशवी विसरले आहे.’ तेरा शब्द ओळीतच गेले. सुचेल तसं लिहिणाऱ्या एका मुलाने पुढे बाहेरचा पाऊस घेतला, हिरवी झाडं घेतली, मामाचं गाव आणि तिथल्या विहिरीतलं पोहणं घेतलं. पिशवी उघडेपर्यंत साठ शब्द झाले. मग पिशवीत खूप पैसे, ते पोलिसांना दिले, पोलिसांनी बक्षीस दिलं, संपलं. पाऊस त्याने खरंच सुंदर लिहिला होता. पण ओळीत पिशवी होती, पाऊस नव्हता.

आता दुसरी रीत. पेन उचलण्याआधी दोन मिनिटं एवढंच ठरवायचं: पिशवी कोणाची, आणि शेवटच्या वाक्यात ते माणूस काय करतं? आम्ही फळ्यावर ठरवलं की पिशवी एका आजींची, त्यात पैसे आणि चष्मा, आणि आजी पैसे न मोजता आधी चष्मा लावतील. शेवट हातात आला तशी मधली वाक्यं आपोआप मागून आली. चष्मा शेवटी लागणार, म्हणजे आजींना नीट दिसत नाही हे आधी कुठेतरी यायला हवं. म्हणून पाटी वाचून घेण्याचं वाक्य आलं. मामाच्या गावाला जागाच उरली नाही. झालेली कथा अशी:

‘एस.टी. सुटली आणि माझ्या लक्षात आले, की शेजारच्या सीटवर कोणीतरी पिशवी विसरले आहे. पिशवी उघडली, तर आत एक चष्मा आणि रुमालात बांधलेले पैसे होते. ही तर मघाच्या आजींची! मला पाटी वाचायला सांगून त्या फाट्यावर उतरल्या होत्या. मी ओरडलो, कंडक्टरकाकांनी घंटी वाजवली. गाडी थांबताच मी मागे धावलो. भुरभुर पाऊस होता. आजी दगडावर बसून कमरेची चंची चाचपत होत्या. मी धापा टाकत म्हणालो, “आजी, पिशवी! पैसे मोजून घ्या.” आजींनी पैसे मोजलेच नाहीत. पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांना लावत त्या म्हणाल्या, “थांब, आधी बघू दे, कोण आहेस तू.”’

शब्द ८३. पाऊसही आहे, तीन शब्दांत. शीर्षक ‘चष्मा’. शीर्षक मागितलेलं असो-नसो, मी द्यायला लावतो, आणि शेवट ठरलेला असला की ते शोधावं लागत नाही.

या रीतीतही खोड आहे, ती लपवत नाही. काही मुलं शेवट म्हणून एवढं मोठं काहीतरी ठरवतात की तिथे पोचायला तीन पानं लागावीत. पिशवीत चोरीचे दागिने, मग टोळी, मग पाठलाग, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या हस्ते सत्कार. अशी कथा कथा न राहता बातमी होते, आणि बातमीचा प्रश्न तर शेजारीच वेगळा असतो. त्यावर मी एक अट घालतो: शेवट पहिल्या ओळीनंतर तासाभरात घडायला हवा आणि माणसं दोन किंवा तीनच. नेमकं मोजमाप म्हणाल तर माझ्याकडे नाही, पण अट पाळलेल्या कथा ८०-९० शब्दांत बसतात, एवढं वह्यांवरून दिसतं.

शिवाय दोन मिनिटं काही न लिहिता बसणं सगळ्यांना झेपत नाही. काहींचा हातच थिजतो. त्यांना मी शेवटच्या पानावर, कच्च्या कामाच्या जागी, पेन्सिलने फक्त शेवटचं वाक्य खरडायला सांगतो. कथा लिहून झाली की पेन्सिलीच्या वाक्यावर आडवी रेघ.

पुरुष आणि काळ दोन्ही रीतींत सांभाळावे लागतात. ओळीत ‘माझ्या’ असेल तर मी शेवटपर्यंत मीच राहायचं, मध्येच ‘राजूने पिशवी उचलली’ नाही. ही चूक सुचेल तसं लिहिणाऱ्यांकडून जास्त होते असं मला वाटतं, पण त्यात माझा पक्षपात असू शकतो.

तेव्हा कोणी काय निवडावं? मूल गोष्टीची पुस्तकं भरपूर वाचणारं असेल, बोलतानाच किस्से रंगवणारं असेल, तर त्याला सुचेल तसं लिहू द्यावं. शेवट त्याच्या डोक्यात न सांगता तयार असतो. दिलेली सुरुवात एका ओळीऐवजी पाच-सहा ओळींचा अपुरा प्रसंग असेल तरीही तेच, कारण दिशा त्यातच मिळते. बाकीच्यांना, म्हणजे माझ्याकडे येणाऱ्या पंधरातल्या बारा-तेरांना, मी शेवट आधी लिहायला लावतो.

निवड पक्की होत नसेल तर घरी एकदा करून बघा. एकच ओळ द्या, घड्याळ लावून दहा मिनिटं, दोन दिवस, दोन रीती. नंतर दोन्ही कागदांवर फक्त शेवटची दोन वाक्यं वाचा, वरचं हाताने झाका. माझ्या पुतणीवर मी हाच प्रयोग केला. पहिल्या कागदावर शेवटी होतं, ‘अशा प्रकारे माझा प्रवास सुखाचा झाला.’ दुसऱ्यावर होतं, ‘कुलूप उघडंच होतं.’ तिने स्वतःच दुसरा कागद उचलला आणि विचारलं, “काका, याला शीर्षक ‘कुलूप’ चालेल ना?”