क्रिटिकल इलनेस पॉलिसी: चार हप्ते, एक क्लेम, तीन पत्रं

2020 च्या दिवाळीत बायकोच्या नावाने दहा लाखांची क्रिटिकल इलनेस पॉलिसी घेतली. पॉलिसी वापरायची वेळ 2024 च्या मार्चमध्ये आली. आता पैसे मिळून बरेच महिने झाले आहेत आणि डोकं शांत आहे, म्हणून लिहायला बसलो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अडचण कंपनीपेक्षा कागदावरच्या तारखांमध्ये जास्त होती आणि ती कुठल्याही कंपनीत येऊ शकते.

आम्ही पाचोऱ्याचे. मी जिनिंगमध्ये हिशेबाचं काम करतो, म्हणजे कागद आणि तारखा यांच्याशी रोजचाच संबंध. तरी आमच्याकडून तीन पत्रं जावी लागली.

ही पॉलिसी मेडिक्लेमसारखी नाही. इथे बिलं भरून मिळत नाहीत. यादीतला आजार पॉलिसीच्या व्याख्येत बसला, की ठरलेली पूर्ण रक्कम एकदम मिळते. अट एवढीच, की निदानानंतर रुग्णाने ठरावीक दिवस जगायला हवं. आमच्या पॉलिसीत ते 30 दिवस होते. याला सर्व्हायव्हल पिरियड म्हणतात. पॉलिसी घेतल्यावर सुरुवातीला, ज्यात निघालेल्या आजाराला पैसे मिळत नाहीत, तो 90 दिवसांचा वेटिंग पिरियड वेगळा. तो आमचा कधीच संपला होता. लोक या दोन्हींचा घोळ करतात, आमच्या एजंट भाऊंनीही केला. पैसे जगणाऱ्या माणसाच्या उपचाराला आणि बुडालेल्या कमाईला द्यायचे, मृत्यूसाठी जीवन विमा आहे, असा त्यामागचा विचार. विचार समजतो. पण घरात रुग्ण असताना ‘तीस दिवस’ हे शब्द वाचणं सोपं नसतं.

आता तारखा. सगळा खेळ त्यांचाच आहे.

4 मार्चला जळगावात मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी झाली. रिपोर्टमध्ये गाठ संशयास्पद असल्याचं लिहिलं होतं. 6 मार्चला सुईने तुकडा काढला, म्हणजे कोअर बायोप्सी. 11 मार्चला पॅथॉलॉजिस्टने सही केलेला रिपोर्ट हातात आला: इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा, म्हणजे आजूबाजूला शिरलेला स्तनाचा कॅन्सर. 2 एप्रिलला नाशिकला ऑपरेशन झालं आणि काढलेल्या गाठीचा मोठा रिपोर्ट 10 एप्रिलला मिळाला.

यातली निदानाची तारीख कोणती? विचाराल तेवढी उत्तरं मिळतील. आमच्या फाइलमध्ये तीन वेगवेगळी लिहिली गेली होती.

पहिली चूक आमच्याच घरातून झाली. एजंट भाऊ शेजारचेच, मनाने भला माणूस. धुळवडीच्या आधी, 22 मार्चला, ते घरी आले आणि म्हणाले, “वेळेत कळवायचं असतं, उशीर नको.” हे बरोबरच होतं. पॉलिसीत आजार कळवायची मुदत असते आणि ती निदानापासून धावते. पण नुसतं कळवण्याऐवजी त्यांनी अख्खा क्लेम फॉर्म भरून कागदांसकट पाठवून दिला. हेच आमचं पहिलं पत्र. निदानाच्या रकान्यात 4 मार्च टाकलं, म्हणजे मॅमोग्राफीची तारीख. 3 एप्रिलला बायको नाशिकच्या वॉर्डात असताना ईमेल आला: सर्व्हायव्हल पिरियड पूर्ण नसल्याने क्लेम विचारात घेता येत नाही. त्या वेळी मला तो ईमेल क्रूर वाटला. नंतर दोनदा वाचल्यावर कळलं, की हा नकार नव्हता, घाईने पाठवलेली फाइल परत आली होती. सूचना पोचल्याचा क्लेम नंबर मात्र त्याच ईमेलमध्ये होता आणि तो पुढे फार उपयोगी पडला.

म्हणजे कळवणं आणि क्लेम मागणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं लगेच करायचं, ईमेलने, पॉलिसी नंबर आणि बायोप्सीचा रिपोर्ट जोडून. दुसरं दिवस भरल्यावर.

दुसरं पत्र मी स्वतः लिहिलं. त्याआधी पॉलिसीचं पुस्तक काढून कॅन्सरची व्याख्या शोधली. हे पान आपल्याकडे कुणीच वाचत नाही. विमा नियामकाने गंभीर आजारांच्या व्याख्या एकसारख्या करून दिल्या आहेत. कॅन्सरच्या व्याख्येत कॅन्सर असल्याचा पुरावा काढलेल्या तुकड्याच्या तपासणीतून, म्हणजे हिस्टॉलॉजीतून, यायला हवा असं म्हटलं आहे. त्यामुळे मॅमोग्राफीची तारीख आपोआप बाद होते, तो फक्त संशय. त्याच व्याख्येत इन-सिटू कॅन्सर, म्हणजे अजून जागेवरच थांबलेला, वगळलेला आहे. म्हणून आमच्या रिपोर्टमधला ‘इन्व्हेसिव्ह’ हा एक शब्द दहा लाखांचा होता. पत्रात तो मी रिपोर्टच्या पान क्रमांकासह लिहिला.

निदानाची तारीख 11 मार्च धरली. रिपोर्टवर नमुना घेतल्याची, सही झाल्याची आणि प्रिंट काढल्याची अशा वेगवेगळ्या तारखा असतात. सहीची धरायची. मी लॅबमधून दुसरी प्रत काढली तर तिच्यावर वरच्या कोपऱ्यात एप्रिलची तारीख छापून आली. ती प्रत मी बाजूला ठेवली आणि पहिलीचीच झेरॉक्स साक्षांकित करून लावली. (मूळ बिलं मेडिक्लेमकडे गेली होती. ठरलेली रक्कम देणाऱ्या पॉलिसीला आमच्या बाबतीत साक्षांकित प्रती चालल्या.)

11 मार्च हा शून्य दिवस मानला तर तिसावा दिवस 10 एप्रिलला येतो. तो दिवस मोजायचा की नाही यावर वाद नको म्हणून मी 12 एप्रिलचा पुरावा घेतला. त्या दिवशी टाके बघायला ती ओपीडीत गेली होती. डॉक्टरांना विनंती करून केस पेपरवर तपासणीच्या नोंदीखाली एक ओळ लिहून घेतली: ‘रुग्ण आज स्वतः तपासणीस हजर, शुद्धीवर, प्रकृती स्थिर’, खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. पत्र बायकोच्या नावाने होतं, त्यातला मुख्य मजकूर असा:

“माझ्या आजाराचे पहिले निदान दि. 11/03/2024 रोजी हिस्टोपॅथॉलॉजी अहवालाने झाले (जोडपत्र 1). पॉलिसीतील 30 दिवसांची अट दि. 10/04/2024 रोजी पूर्ण झाली. त्यानंतर दि. 12/04/2024 रोजी, म्हणजे निदानापासून 32 व्या दिवशी, माझी तपासणी झाल्याची नोंद जोडपत्र 2 मध्ये आहे. हे पत्र मी स्वतः सही करून देत आहे.”

शेवटच्या वाक्याला अर्थ आहे. मी सही करणार होतो, कारण तिचा हात सुजला होता. पण मुदत संपल्यानंतरच्या तारखेची तिची स्वतःची सही हाही एक पुरावाच. तिने डाव्या हाताने कागद धरून हळूहळू सही केली. सासूबाई बाजूला बसून बघत होत्या. म्हणाल्या, “जित्ती शे ना ती, मंग कागद कसाले जोयजे?” याला मी काय उत्तर देणार होतो?

15 एप्रिलला फाइल गेली. 29 एप्रिलला प्रश्न आला: उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या फॉर्ममध्ये निदानाची तारीख 10 एप्रिल आहे, त्यामुळे मुदत 10 मेपर्यंत धरावी लागेल.

चूक कुठे झाली ते लगेच समजलं. डॉक्टरांचा फॉर्म मी नाशिकला भरून घेतला होता. तिथल्या निवासी डॉक्टरांनी समोर दिसणारा आपल्याच हॉस्पिटलचा रिपोर्ट बघितला आणि त्याची तारीख टाकली. त्यांचा दोष नाही, रोज असे वीस फॉर्म येत असतील. मीच तो न वाचता पाकिटात घातला. हिशेबाच्या वहीत एक आकडा चुकला तर मी रात्री झोपत नाही आणि इथे पाकीट तसंच बंद केलं.

आता दोन रस्ते होते. एक, भांडायचं: ऑपरेशननंतरचा रिपोर्ट गाठीचा आकार आणि टप्पा सांगतो, पहिलं निदान तो करत नाही, ते बायोप्सीने आधीच झालं होतं आणि त्यावरच तर ऑपरेशन केलं. दोन, 10 मेपर्यंत थांबायचं आणि त्यांच्या तारखेनेही अट पूर्ण करून दाखवायची. मी दोन्ही केलं. रुग्ण बरी होत असेल तर दुसरा रस्ता सोपा आणि स्वस्त. पण मधल्या दिवसांत काही वाईट झालं असतं, तर 11 मार्च की 10 एप्रिल यावर सगळी रक्कम अडकली असती. म्हणून पहिली बाजू लेखी मांडून ठेवणं सोडलं नाही. जळगावच्या ज्या सर्जनने बायोप्सी केली होती त्यांच्याकडून ‘प्रथम निदान 11/03/2024’ असं पत्र घेतलं. नाशिकच्या डॉक्टरांनी दुरुस्त फॉर्म दिला, जुन्यावर खाडाखोड न करता.

10 मे म्हणजे त्या वर्षी बरोबर आखाजी. घरात आमरस आणि खापरावरचे मांडे, पोरी झोक्यावर. बायको पहिल्या केमोनंतर नुसता भात खात होती. मी कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केला होता, तो तिने बघितला आणि काही बोलली नाही. 13 मेला लोकसभेचं मतदान होतं. उन्हात डोक्याला रुमाल बांधून गेली, बोटाची शाई दाखवत म्हणाली, “हा पुरावा चालेल का त्यांना?” चालला नसता, पण आम्ही दोघं बऱ्याच दिवसांनी हसलो.

15 मेला दुसरी केमो झाली. त्या दिवसाच्या केस पेपरसह तिसरं पत्र 16 मेला पाठवलं. त्यात एकच नवीन परिच्छेद: 11 मार्चपासून 65 वा दिवस, आणि तुम्ही म्हणता त्या 10 एप्रिलपासूनही 35 वा दिवस, दोन्ही हिशेबांनी अट पूर्ण. त्यावर कुणाला विचारायला काही उरलं नाही. 11 जूनला पैसे तिच्या खात्यात आले, पूर्ण दहा लाख.

पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा कापला त्यातला अर्धा माझ्याच निष्काळजीपणाचा. उरलेला यासाठी, की फॉर्ममध्ये ‘निदानाची तारीख’ एवढंच छापलंय. कोणत्या कागदावरची, ते कुठेच नाही. शिवाय रक्कम दिली की ही पॉलिसी संपते, हे घेताना कुणी सांगितलं नव्हतं. आता तिला नवीन गंभीर आजाराचं संरक्षण मिळणं कठीण आहे आणि मेडिक्लेमच तेवढा शिल्लक आहे.

धाकट्या भावाने गेल्या महिन्यात स्वतःसाठी अशीच पॉलिसी बघितली. मी आधी त्याच्याकडून व्याख्यांचं पान मागवलं. सर्व्हायव्हल पिरियड 15 दिवसांचा निघाला, हप्ता जरा जास्त. तीच घे म्हणालो.