डीमॅटमधल्या शेअरवर ओव्हरड्राफ्ट : काही महिने वापरून झाल्यावरचं मत

गोव्यात हॉटेल, गेस्ट हाऊस किंवा पर्यटकांच्या गाड्या चालवणाऱ्यांची पैशांची गरज ठरलेली असते. पावसाळ्यात हातात काही येत नाही, आणि ऑक्टोबरच्या आत रंगरंगोटी, प्लंबिंग, नव्या गाद्या हे सगळं उरकायचं असतं. अशा वेळी वर्षानुवर्षं पडून असलेले शेअर न विकता त्यांच्यावर पैसे उचलणं सोयीचं वाटतं. एका एनबीएफसीची, म्हणजे बँक नसलेल्या वित्त कंपनीची, ही सुविधा आम्ही काही महिने वापरली. सुविधा म्हणून ती चांगली आहे, पण ॲपवर जी मर्यादा दिसते ती पूर्ण उचलण्यासाठी नसते. या परीक्षणातला मोठा भाग त्याच मुद्द्यावर आहे.

सुरुवात सोपी आहे. ॲपमध्ये डीमॅट जोडायचं, कर्ज देणाऱ्याच्या मंजूर यादीतले शेअर निवडायचे, डीमॅटची नोंद ठेवणाऱ्या डिपॉझिटरीकडून आलेला ओटीपी टाकून ते प्लेज करायचे, म्हणजे तारण ठेवायचे, करारावर ई-सही आणि व्याजासाठी बँक खात्याचा मँडेट द्यायचा. खातं पती-पत्नीच्या संयुक्त नावावर असेल तर दोघांची संमती लागते. शेअर तुमच्याच डीमॅटमध्ये राहतात, लाभांशही तुम्हालाच मिळतो, फक्त ते विकता येत नाहीत. व्याज मंजूर रकमेवर नाही, उचललेल्या रकमेवर दिवसागणिक लागतं. ब्रोकरकडचं मार्जिन प्लेज किंवा ब्रोकरच्या पैशांवर शेअर घेण्याची एमटीएफ सोय वेगळी, त्यात गल्लत करू नका. ते ट्रेडिंगसाठी असतं, आणि तिथे विक्री यापेक्षा लवकर होते.

आता मर्यादेबद्दल. शेअरच्या बाजारभावाच्या 50 टक्क्यांपेक्षा जास्त कर्ज नको, आणि हे प्रमाण कर्ज चालू असेपर्यंत टिकलं पाहिजे, असं रिझर्व्ह बँकेने 2014 मध्ये एनबीएफसींना घालून दिलं. भाव पडून कर्ज या प्रमाणाच्या वर गेलं, म्हणजे तूट पडली, तर ती सात कामकाजाच्या दिवसांत भरून निघायला हवी. बरेच जण हे सात दिवस आपल्या हक्काचे समजतात. हा नियम कर्ज देणाऱ्यावरचं बंधन आहे. करारात कमी मुदत असू शकते, शिवाय कर्जाचं प्रमाण एका ठरावीक टक्क्यावर गेलं की लगेच विक्री करण्याचं कलमही असू शकतं. सही करण्याआधी हा दुसरा आकडा शोधून काढा. तो सहसा ॲपवर नसतो, करारात असतो.

एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा म्हापशातल्या एका गेस्ट हाऊसवाल्याने 20 लाखांचे शेअर तारण ठेवले. मर्यादा 10 लाख, त्यातले उचलले 8 लाख. दोन लाखांची जागा शिल्लक, म्हणजे निवांत, असं वाटतं. पण शेअर 20 टक्के उतरून 16 लाखांवर आले की मर्यादाच 8 लाखांवर येते आणि ती जागा संपते. आणखी घसरून मूल्य 13 लाख झालं तर मर्यादा साडेसहा लाख आणि तूट दीड लाख. तूट भरा असं सांगणारा मार्जिन कॉल येतो तो इथे.

दीड लाख रोख भरले की विषय मिटतो. रोख नसेल तर आणखी शेअर प्लेज करता येतात, पण त्यांचंही निम्मंच मूल्य धरतात, म्हणून तीन लाखांचे लागतात. आणि काहीच केलं नाही तर कर्ज देणारा विकतो. किती विकतो? दीड लाखांचे नाही, तीन लाखांचे. विक्रीने कर्ज कमी होतं तसं तारणही कमी होतं, त्यामुळे प्रत्येक रुपयाच्या तुटीसाठी दोन रुपयांचे शेअर जातात. तीन लाख विकल्यावर तारण 10 लाख आणि कर्ज 5 लाख उरतं, तेव्हा कुठे हिशोब 50 टक्क्यांवर बसतो. मुदत सरेपर्यंत बाजार आणखी दहा टक्के पडला तर मूल्य 11 लाख 70 हजार, तूट 2 लाख 15 हजार, आणि विक्री 4 लाख 30 हजारांची. नीट वाचा, हे सगळं तळाच्या भावाने.

कुठले शेअर विकायचे तेही तुमच्या हातात नसतं. पटकन खपणारे मोठे शेअर आधी जातात आणि कमी उलाढालीचे मागे राहतात. तारणाचा दर्जा असा खालावला की पुढची घसरण आणखी टोचते. भारतीय करार कायद्याच्या कलम 176 नुसार तारण विकण्याआधी रीतसर सूचना द्यावी लागते. पण ती सूचना म्हणजे बहुधा नोंदवलेल्या पत्त्यावर आलेला मेल, तोही बाजार बंद झाल्यावर. स्पॅम फोल्डर आणि जुना मोबाइल नंबर या दोन गोष्टी आधी तपासून ठेवा.

घसरणीत स्वतःच थोडे शेअर विकून तूट भरू, हा बेत कागदावरच बरा दिसतो. प्लेज सुटल्याशिवाय विकता येत नाही आणि ते सुटायला आधी पैसे भरावे लागतात. काही ॲप तारणातूनच विक्रीची सोय देतात, तुमच्याकडे ती आहे का हे शांत बाजारात पाहून ठेवावं. 4 जून 2024 ला लोकसभा निकालाच्या दिवशी निफ्टी एका दिवसात जवळपास 6 टक्के आणि 23 मार्च 2020 ला 13 टक्के पडला होता. अशा दिवशी सोय शोधत बसायला वेळ नसतो.

म्हणून आमचा आकडा 25 ते 30 टक्के. तारणाच्या 30 टक्केच उचलले तर शेअर 40 टक्के पडेपर्यंत कॉल येत नाही, 25 टक्क्यांवर 50. वरच्या गेस्ट हाऊसवाल्याने 8 ऐवजी 6 लाख घेतले असते तर मूल्य 13 लाखांवर येऊनही त्याच्याकडे 50 हजारांची जागा उरली असती. शिवाय मंजूर यादीतले काही शेअर प्लेज न करता मोकळे ठेवायचे.

बाजार न पडताही जागा कमी होते. व्याजाचंच घ्या. साडेदहा टक्क्यांनी 8 लाखांवर महिन्याला 7 हजार होतात. ते न भरता कर्जात मिळवत गेलं तर सहा महिन्यांत सुमारे 42 हजार चढतात, आणि 20 टक्के घसरण सोसणारं खातं 16 टक्क्यांतच अडकतं. कंपनी मंजूर यादीतून वगळली तर त्या शेअरचं मूल्य एका रात्रीत शून्य धरलं जातं, भाव हलला नसला तरी. बोनस किंवा स्प्लिटच्या वेळी भाव त्या प्रमाणात खाली येतो आणि नवे शेअर खात्यात यायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात मर्यादा खोटीच घसरलेली दिसू शकते. अशा वेळी घाबरून पैसे भरण्याआधी ग्राहक सेवेला फोन करावा.

गोव्यातल्यांसाठी कराचा एक मुद्दा. जबरदस्तीच्या विक्रीतला नफाही तुमचाच भांडवली नफा असतो. पण इथल्या नागरी संहितेप्रमाणे संपत्ती सामाईक असलेल्या जोडप्याचं, पगार सोडून बाकीचं उत्पन्न आयकर कायद्यानुसार दोघांत समान वाटलं जातं. एक लाखाला घेतलेले जुने शेअर तीन लाखांना विकले गेले तर दोन लाखांचा नफा प्रत्येकी एक लाख होतो. वर्षात दुसरा असा नफा नसेल तर तो सव्वा लाखाच्या सवलतीत बसतो. एकाच्याच नावे दाखवला तर उरलेल्या 75 हजारांवर साडेबारा टक्क्यांनी 9,375 रुपये आणि वर सेस जातो. विवरणपत्रात त्यासाठी शेड्यूल 5ए भरावं लागतं, आणि विक्रीचं काँट्रॅक्ट नोट किंवा हिशोबाचा उतारा कर्ज देणाऱ्याकडून मागूनच घ्यावा लागतो.