रॉजर, विल्को, मेडे : सात महिने वापरल्यानंतर

कमर्शियल पायलटचं ट्रेनिंग घेतोय. सेसना १७२ वर जवळपास सत्तर तास झाले, आणि तेवढा वेळ कानाला हेडसेट आहे. विमानाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी विमानाच्या रेडिओवर बोलायच्या शब्दांबद्दल लिहितो.

सुरुवात रॉजरपासून, कारण सिनेमामुळे सगळ्यात चुकीचा कळलेला शब्द हाच. रॉजर म्हणजे 'तुमचं शेवटचं बोलणं मला पूर्ण ऐकू आलं'. बस, एवढंच. 'हो' नाही, 'ठीक आहे' नाही, 'करतो' तर नाहीच. रेडिओवर अक्षरं सांगायच्या जुन्या वर्णमालेत आर या अक्षरासाठी रॉजर म्हणत आणि आर म्हणजे 'रिसीव्ह्ड', तिथून तो आला. पुढे आरचं रोमिओ झालं, पण रॉजर टिकून राहिला.

पहिल्या महिन्यात मी याच शब्दावर आपटलो. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून धावपट्टीकडे नेताना, कंट्रोल टॉवरने सांगितलं, 'होल्ड शॉर्ट ऑफ रनवे टू सेवन', म्हणजे धावपट्टीच्या अलीकडे थांब. मी ऐटीत 'रॉजर' म्हणालो. टॉवरकडून लगेच आलं, 'रीड बॅक होल्ड शॉर्ट'. शेजारी बसलेल्या इन्स्ट्रक्टर सरांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. धावपट्टीवर जाणं, तिच्यापाशी थांबणं, उड्डाण, लँडिंग, उंची, उंचीमापकावर लावायचा हवेचा दाब म्हणजे क्यूएनएच, रडारवर विमान ओळखू देणाऱ्या ट्रान्सपाँडरचा कोड, या गोष्टी शब्दश: परत म्हणून दाखवायच्या असतात. मी धावपट्टीचा आकडा चुकीचा ऐकला असेल, तर तो टॉवरला फक्त माझ्या रीडबॅकमधूनच कळणार. नुसत्या रॉजरमध्ये चूक दिसतच नाही. हो-नाहीच्या प्रश्नालाही रॉजर चालत नाही, तिथे 'अफर्म' किंवा 'निगेटिव्ह'.

विल्को म्हणजे 'समजलं आणि तसं करतो'. 'विल कम्प्लाय' आखडून झालेला शब्द. 'रिपोर्ट डाउनविंड', म्हणजे धावपट्टीला समांतर, लँडिंगच्या उलट दिशेने उडायला लागलास की कळव, असं सांगितलं की मी विल्को म्हणतो, कारण तिथे परत म्हणून दाखवण्यासारखा आकडा नाही, फक्त नंतर करायचं एक काम आहे. ऐकलं आणि समजलं हे त्यात आलंच, त्यामुळे 'रॉजर विल्को' म्हणणं म्हणजे 'पिवळा पीतांबर'. खरं सांगायचं तर विल्को मला वाटला होता त्यापेक्षा फार कमी लागतो. महत्त्वाच्या सूचना रीडबॅकमध्येच जातात.

आता मेडे, जीव धोक्यात असताना रेडिओवर द्यायची हाक. १९२३ च्या सुमारास लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरच्या फ्रेडरिक मॉकफर्ड या रेडिओ अधिकाऱ्याने तो सुचवला. तिथली बरीच वाहतूक पॅरिसच्या ले बूर्जेशी होती, म्हणून 'मला मदत करा' अशा अर्थाच्या फ्रेंच 'मेदे' वरून. तीनदा म्हणायचा. तो उच्चारला की त्या विमानाला सगळ्यांच्या आधी वाट मिळते आणि बाकीच्यांनी फ्रिक्वेन्सीवर गप्प राहायचं असतं.

हा शब्द न उच्चारल्याने काय होतं, ते आम्हाला ॲव्हियांका ५२ वरून शिकवलं. २५ जानेवारी १९९०, कोलंबियाहून न्यूयॉर्कला निघालेलं बोइंग ७०७. खराब हवामानामुळे तासाभराहून जास्त वेळ आकाशात घिरट्या. इंधन संपत आलं होतं. को-पायलटने 'प्रायॉरिटी' मागितली. पहिलं लँडिंग फसल्यावर कॅप्टनने त्याला सांगितलं, आपण इमर्जन्सीत आहोत हे कळव. त्याने कळवलं ते एवढंच, की इंधन संपत चाललंय. त्या संध्याकाळी उशीर सगळ्यांनाच होत होता, त्यामुळे कंट्रोलरला ते वाक्य आणखी एका तक्रारीसारखं वाटलं. विमानाला पुन्हा लांबचा फेरा मिळाला आणि लाँग आयलंडवर कोव्ह नेक इथे ते कोसळलं. १५८ पैकी ७३ जण गेले.

आता यासाठी ठरलेली भाषा आहे. 'मिनिमम फ्युएल' म्हणजे आणखी उशीर परवडणार नाही, पण ती अजून आणीबाणी नाही. उतरताना राखीव इंधनालाही हात लागणार असं गणित निघालं, की 'मेडे मेडे मेडे फ्युएल'. जेटसाठी हे राखीव म्हणजे ३० मिनिटांचं. माझी तक्रार इथेच आहे : 'मिनिमम फ्युएल' ऐकायला भलतंच गंभीर वाटतं, आणि नवख्याला वाटतं की हे बोललो म्हणजे वाट मिळाली. मिळत नाही.

मी खरा मेडे अजून दिलेला नाही. सर हवेत थ्रॉटल मागे ओढून इंजिन बंद पडल्याचा सराव घेतात, तेव्हा रेडिओच्या बटणावरून अंगठा काढून तो मोठ्याने म्हणायचा. पहिल्या वेळी मी ताबडतोब 'मेडे' सुरू केलं आणि सर ओरडले, 'आधी नाक खाली घे, स्पीड बघ!' स्पीड ६८ नॉट, मग उतरायला शेत शोध, मग रेडिओ. गुडघ्यावरच्या पॅडवर पेन्सिलने क्रम लिहून ठेवलाय : तीनदा मेडे, कोणाला, मी कोण, काय झालं, काय करणार, कुठे, किती उंचीवर. सात महिन्यांनीही 'कुठे' विसरतो. मागच्या आठवड्यात सर म्हणाले, 'सगळं छान सांगितलंस, पण आता तुला शोधायचं कुठे?'