फुटलेला डिस्प्ले, दोन आयएमईआय आणि ८१४ रुपये: फोन संरक्षण योजनेचा अनुभव

कोल्हापुरात १८,९९० रुपयांना फोन घेताना दुकानदाराने १,२९९ रुपयांची एक वर्षाची संरक्षण योजना गळ्यात मारली, असेच मला पहिले सात-आठ महिने वाटत होते. निपाणीच्या बस स्थानकावर फोन फरशीवर आपटला, डिस्प्लेला वरपासून खालपर्यंत तडा गेला आणि वरच्या अर्ध्या भागाचा टच बंद पडला, तेव्हा या योजनेची पहिल्यांदा परीक्षा झाली. फोनविषयी वेगळे लिहीत नाही, कारण तो अजूनही चांगलाच चालतो. हे सारे दाव्याविषयी आहे.

दावा नोंदवायला त्रास झाला नाही. अपघातानंतर ४८ तासांत नोंदणी करण्याची अट होती आणि ती पाळली. त्यानंतर मूळ बिल, अधिकृत सर्व्हिस सेंटरचे एस्टिमेट, ओळखपत्र आणि तुटलेल्या फोनच्या पडद्यावर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसत असलेला फोटो मागण्यात आला. हा आकडा दिसण्यासाठी *#06# डायल करावे लागते. टच अर्धवट बंद असल्यामुळे मी ओटीजी जोडणीने संगणकाचा माउस फोनला लावला आणि बाण हलवून तो डायल केला. ज्यांच्या फोनला ओटीजी चालते त्यांनी ही युक्ती लक्षात ठेवावी.

निपाणीहून कोल्हापूर जवळ असले, तरी आमचा पिनकोड कर्नाटकातला असल्यामुळे कंपनीच्या यादीत बेळगावचेच केंद्र दिसत होते. तेथे मिळालेल्या एस्टिमेटमध्ये डिस्प्ले ६,४०० रुपये, मागचे कव्हर ९०० रुपये आणि मजुरी ५०० रुपये, अशी ७,८०० रुपयांची रक्कम व त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून ९,२०४ रुपये लिहिले होते. कर वेगळा दाखवलेला असणे आवश्यक असते, कारण एकाच ओळीत लिहिलेली ठोक रक्कम कंपनी परत पाठवते.

कागद अपलोड केल्यावर उत्तर आले की, बिलावरचा आयएमईआय आणि एस्टिमेटवरचा आयएमईआय जुळत नाही. दावा नाकारण्यासाठी शोधलेली ही पळवाट आहे, अशी माझी खात्री झाली आणि मी तक्रारीचा खरमरीत मजकूरही लिहून ठेवला. पण सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाला, "काका, बिलावर दुसराच नंबर आहे की." दोन सिमच्या फोनला १५ आकडी आयएमईआय दोन असतात, प्रत्येक सिमखाचेसाठी एक. दुकानदाराने बिलावर दुसऱ्या सिमचा एकच क्रमांक छापला होता आणि सेंटरने जॉबशीटवर पहिल्याचा घेतला होता. कंपनीच्या बाजूने पाहिले, तर शंका रास्तच होती, कारण विमा न काढलेला दुसराच फुटलेला फोन पुढे करणारे लोकही असतात. माझा राग त्या क्षणी कंपनीवरून दुकानदाराकडे वळला आणि तो तेथेच राहिला आहे. अठरा-एकोणीस हजारांचे बिल करताना दुसरा क्रमांक टाइप करायला किती वेळ लागतो?

उपाय साधा निघाला. फोनच्या खोक्यावरील लेबलवर दोन्ही क्रमांक छापलेले असतात. त्या लेबलचा फोटो आणि दोन्ही क्रमांक लिहिलेले सुधारित जॉबशीट जोडल्यावर शंका मिटली. खोका रद्दीत दिला असता, तर हे प्रकरण किती लांबले असते, याची कल्पना करवत नाही.

मंजुरी मात्र पूर्ण रकमेला मिळाली नाही. मागच्या कव्हरवरील चरे हे वापराने झालेली झीज धरले गेले आणि डिस्प्ले व मजुरी मिळून ६,९०० रुपये, त्यावरील करासह ८,१४२ रुपये ग्राह्य मानण्यात आले. योजनेच्या अटीप्रमाणे त्यातील १० टक्के, म्हणजे ८१४ रुपये माझे आणि उरलेले ७,३२८ रुपये कंपनीने थेट सेंटरला दिले. मागचे कव्हर मी बदललेच नाही, कारण ९०० रुपये आणि वर कर देऊन चरे घालवण्याइतका मी हौशी नाही.

मंजुरीपूर्वी दुरुस्ती करून नंतर बिल दाखवले, तर दावा चालत नाही, ही अट पत्रकाच्या शेवटी बारीक अक्षरांत आहे. बाजारातील साध्या दुकानात नक्कल डिस्प्ले सुमारे ३,००० रुपयांत बसवून देत होते. प्रीमियम आणि माझा हिस्सा मिळून माझे २,११३ रुपये गेले, म्हणजे बचत ९०० रुपयांच्या आसपासच झाली, पण पडदा अस्सल मिळाला. वर्षाला एकच दावा, ही अट असल्याने उरलेल्या महिन्यांत योजना माझ्या उपयोगाची नाही. पुढच्या फोनला ती घ्यायची की नाही, हे अजून ठरवलेले नाही. बिलावर दोन्ही आयएमईआय असल्याशिवाय मात्र मी दुकानाबाहेर पडणार नाही.