बिलात दोन नवी बेअरिंगं, हाउसिंगमध्ये लाकडाचा भुसा

नारायणगावहून टोमॅटो भरून माळशेजमार्गे वाशीला नेतो. पिकअप जुनी, ताकद मागच्या चाकांना. दिवाळीनंतर पन्नासच्या पुढं गेलं की मागून ‘हूंऽऽ’ असा आवाज यायचा, ॲक्सिलरेटर सोडला की सूर बदलायचा. टायर म्हणावेत तर रस्ता कसाही असो, आवाज तोच. वळणावरही फरक नाही, म्हणजे चाकाचं बेअरिंगही नव्हे. उरला डिफरन्शियल, मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा: त्यात शाफ्टनं फिरणारा छोटा गिअर म्हणजे पिनियन, तो ज्याला फिरवतो तो मोठा क्राउन.

हायवेवरच्या एका गॅरेजवाल्यानं गाडी दिवसभर ठेवून घेतली. "पिनियनची दोन्ही बेअरिंगं, सील, नव्वद नंबर ऑइल, सगळं नवं टाकलंय शेठ," म्हणत साडेनऊ हजार घेतले. आवाज खरंच गेला होता. जुने पार्ट मागितले तर म्हणे भंगारवाला आत्ताच घेऊन गेला. तिथंच शंका यायला हवी होती. पण माल गाठायचा होता, आणि शांत गाडीवर कोण संशय घेतो?

अठराव्या दिवशी घाटात जळका वास आला. डिफरन्शियलच्या तोंडाशी, जिथं शाफ्ट जोडलेला असतो, तिथं हात लावला तर चटका बसला.

ओळखीच्या मिस्त्रीमामांनी आधी ऑइल भरायचा बोल्ट काढला. सपाट जागी ऑइल त्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवं. मामांचं अख्खं बोट आत गेलं आणि बाहेर आला ग्रीस नि भुशाचा काळा लगदा. गंधकासारखा नाक धरायला लावणारा वास नव्या गिअर ऑइलला असतो, त्याचा पत्ताच नव्हता. भुसा दातांमध्ये दबून आवाज गिळतो, काही दिवस.

मग मामांनी सगळं उलगडून सांगितलं. सील गळत होतं, म्हणून ऑइल कमी झालं. क्राउन फिरताना उडवेल तेवढंच ऑइल पिनियनच्या पुढच्या बेअरिंगला मिळतं, त्यामुळं उपाशी तेच आधी मरतं. ते झिजलं की पिनियन डुलतं, दात चुकीच्या जागी घासतात आणि गाडी घोंघावते. त्या पठ्ठ्यानं नुसता पिनियनचा नट आवळून ढिलाई लपवली होती. झिजलेलं बेअरिंग अतिदाबानं तापून निळं पडलं होतं.

डायल लावून क्राउन हलवला तर बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळी फट, 0.60 मिलिमीटर. माझ्या गाडीला 0.15 ते 0.20 चालतो. "आता बेअरिंग बदलून भागणार नाही रे," मामा म्हणाले, "दात घासलेत, आवाज राहणारच." क्राउन-पिनियन जोडीनंच घ्यावे लागले, कारण ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. नवी बेअरिंगं आणि मजुरी धरून अठ्ठावीस हजार गेले.

गॅरेजवाल्याकडे बिल आणि निळं बेअरिंग घेऊन गेलो. म्हणाला, "हे आमचं कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण जुना पार्ट पाहिल्याशिवाय मी पैसे दिले होते. आता गाडी टाकताना मी बेअरिंगचा डबा समोर फोडायला लावतो, आणि नेताना तो बोल्ट काढून बोट घालून पाहतो.