मिनिमम भरलं आणि देणं वाढलं

मी आयुष्यभर हिशेबाची नोकरी केली, तरी फसलो. लाज वाटते, पण लिहितो.

15 एप्रिलला मुलीच्या परदेशी विद्यापीठातली जागा पक्की करायला क्रेडिट कार्डावरून डॉलरमध्ये पैसे भरले. रुपयांत झाले 60,000. त्यावर साडेतीन टक्के परकीय चलनाचं शुल्क 2,100 आणि शुल्कावर 18 टक्के जीएसटी 378. म्हणजे 10 मेच्या स्टेटमेंटवर 62,478. मिनिमम ड्यू पाच टक्के, 3,124.

मेअखेरीला दादर स्टेशनच्या पुलावर गर्दीत फोन आला. कार्डवाल्यांकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, मिनिमम भरा, उरलेल्यावरच व्याज लागेल." इथेच विचारायला हवं होतं, की उरलेल्यावर, पण कधीपासून? लोकल सुटत होती, मी "बरं" म्हणालो. कोण विचारतं हो पुलावर? 30 मेला 3,124 भरले.

माझा अंदाज होता 59,354 वर 10 जूनपर्यंत 12 दिवसांचं व्याज, जीएसटी धरून 967 रुपये. स्टेटमेंटवर आले 4,784.58! भरले 3,124 आणि देणं 1,660.58 ने वाढलं.

रात्री वही काढली. दर महिना साडेतीन, म्हणजे वर्षाला 42 टक्के. रक्कम गुणिले दिवस गुणिले 42, भागिले 36,500. पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदत गेलीच, आणि व्याज खरेदीच्या तारखेपासून धावतं. म्हणून 15 एप्रिलपासून 45 दिवस पूर्ण रकमेवर 3,235.16, पुढचे 12 दिवस 819.57, वर जीएसटी 729.85. त्यांचा आकडा जुळला. नवी खरेदी केली असती तर तिलाही पहिल्या दिवसापासून व्याज. अर्धवट भरलेल्या महिन्यात कार्ड कपाटात ठेवा.

पण पहिले 45 दिवस त्यांनी 62,478 वर मोजले, म्हणजे 2,478 च्या शुल्क-करावरही व्याज! रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत न भरलेले शुल्क आणि कर व्याजासाठी मुद्दलात मिळवू नयेत असं आहे, आणि मिनिमम भरूनही देणं वाढत जाईल अशी अट नको असंही आहे. 60,000 धरून मोजलं तर जीएसटीसह 151.40 जास्त घेतलेत.

हेल्पलाइनवर चार वेळा तेच उत्तर: "सिस्टिमनं काढलंय, सर." तक्रार क्रमांक मिळाला, दोन दिवसांत तक्रार बंद. शाखेत गेलो तर म्हणे कार्डाचा विभाग वेगळा. फोनवर काय सांगितलं त्याचं रेकॉर्डिंग मागितलं, ते "उपलब्ध नाही". कोणी तोंडी सांगितलं तर तिथल्या तिथे ईमेलवर मागा. बँकेनं 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, दोन्ही स्टेटमेंट जोडून.

एफडी मोडून सगळं फेडलं. वहीचं पान घेऊन पुन्हा शाखेत गेलो, तर साहेब हसले, "काका, दीडशे रुपयांसाठी?"