यूट्यूबचा देशनिहाय अहवाल: आठ महिने वापरल्यानंतर

मी देवगडची. मालवणी जेवणाचे व्हिडिओ टाकते. पहिलं वर्ष नुसता व्ह्यूजचा आकडा बघण्यात गेलं. गेले आठ महिने मात्र यूट्यूब स्टुडिओतला देशांचा तक्ता दर रविवारी उघडते. मोबाईलवर थोडंच दिसतं, म्हणून लॅपटॉपवर: व्हिडिओ निवडायचा, Analytics, मग Advanced mode आणि तिथे Geography.

तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, सुक्याचा माझा नऊ मिनिटांचा व्हिडिओ घ्या. भारतातून 8,400 व्ह्यूज, बघण्याचे तास 280. संयुक्त अरब अमिरातीतून फक्त 600 व्ह्यूज, पण तास 50. तासांचे मिनिट करून व्ह्यूजने भागलं, तर भारतात सरासरी दोन मिनिटं आणि तिकडे पाच! ही सरासरी बाजूच्या रकान्यात आयती मिळते, पण एकदा वहीवर मांडल्याशिवाय माझ्या डोक्यात शिरली नाही.

मी लगेच ठरवून टाकलं की आखातातल्या आपल्या माणसांना घरच्या चवीची ओढ जास्त. इथेच चुकले. नंतर एकेका देशाचा फिल्टर लावून Traffic source बघितलं. अमिरातीतले बहुतेक जण व्हॉट्सॲपवरून आलेले; शारजातल्या चुलत भावाने गावच्या ग्रुपवर लिंक टाकली होती. भारतातल्या बहुतेकांना मात्र यूट्यूबने आपणहून होमपेजवर दाखवलेला, त्यामुळे डोकावून पुढे जाणारेच फार. मग भारतातले फक्त व्हॉट्सॲपवरून आलेले वेगळे काढले, तर त्यांचीही सरासरी साडेचार मिनिटं. म्हणजे फरक देशाचा थोडा, वाटेचा जास्त. तेव्हापासून दोन देशांची तुलना करताना माणसं एकाच वाटेने आलेली आहेत ना, हे आधी बघते.

तरी देश कळल्याचा उपयोग झालाच. अमिरातीतलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, आणि 2022 पासून बहुतेक सरकारी कचेऱ्यांना शुक्रवारी अर्धा दिवस. म्हणून आता व्हिडिओ शुक्रवारी दुपारी टाकते. तिकडे ताज्या तिसऱ्या न मिळाल्या तर काय वापरायचं, हेही व्हिडिओत सांगते.

तक्रारी दोन. शॉर्ट्स आणि मोठे व्हिडिओ एकत्र मोजले की सरासरीचा पार विचका होतो, त्यामुळे ते वेगळे करूनच बघावं. दुसरं, प्रेक्षक थोडे असले आणि त्यावर फिल्टर चढवले की ओळी गायब होतात. बेरीज जुळत नाही म्हणून मी उगाच डोकं खाजवत बसले होते.

आणि देश म्हणजे त्या वेळी इंटरनेट जिथलं, तो देश. माणूस कुठला, ते यात कळत नाही. मध्ये सिंगापूरचे 7 व्ह्यूज आणि सरासरी आठ मिनिटं दिसली. मी आईला कौतुकाने सांगितलं, आता सिंगापुरातही आपले चाहते! आठवड्याने भाच्याचा फोन आला. त्याचं जहाज चार दिवस तिथल्या बंदरात होतं, आणि जेवताना तो मावशीचाच व्हिडिओ लावून बसायचा.